भांडवली की महसुली? संगणक प्रयोगशाळेच्या एका दरपत्रकाची फोड

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या ट्रस्टच्या महाविद्यालयाचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक तयार करतोय. आमचं हिशेबी वर्ष एप्रिलपासून सुरू होतं, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 31-अ प्रमाणे अंदाजपत्रक त्याच्या महिनाभर आधी धर्मादाय कार्यालयात द्यायचं असतं. त्यामुळे हाताशी वेळ कमी आहे.

संगणक प्रयोगशाळा नव्याने उभी करायची आहे. पुरवठादाराने जीएसटीसह एकच दरपत्रक दिलंय:

25 संगणक, प्रत्येकी 48,000 प्रमाणे – 12,00,000
नेटवर्कची केबल, स्विच, रॅक – 1,20,000
बॅटऱ्यांसह यूपीएस – 2,10,000
अँटिव्हायरस, 3 वर्षांसाठी – 45,000
वॉरंटी संपल्यावर दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाची देखभाल, आगाऊ – 60,000
खोलीची गळती दुरुस्ती व रंगकाम – 85,000
वाहतूक व जोडणी – 30,000
शिक्षकांचं प्रशिक्षण – 20,000
एकूण – 17,70,000

प्राचार्यांचं मत असं की एकाच कामाची एकच खरेदी आहे, सगळं भांडवलीत घ्या. खजिनदार म्हणतात, संगणक तीन-चार वर्षांत जुने होतात, सगळं महसुली दाखवा. आमच्याकडे लेखाशीर्षं दोनच आहेत, ‘संगणक विभाग’ आणि ‘दुरुस्ती व नूतनीकरण’. काय करावं?

तुळशीबागकर
सोपं आहे. ज्याचा उपयोग एका वर्षापेक्षा जास्त होतो ते भांडवली, बाकी महसुली. म्हणजे प्रशिक्षण सोडून सगळं भांडवलीत गेलं.

रोजकीर्द
तुळशीबागकर, वर्षाची अट गरजेची आहे, पण तेवढ्याने भागत नाही. तुमच्या नियमाने भिंतीचा रंगही भांडवली ठरेल, कारण तो चार-पाच वर्षं टिकतो. तरी तो महसुलीच राहतो. भिंत आधीपासून होती, रंगाने ती फक्त वापरण्याजोगी राहिली, संस्थेच्या हाती नवीन काही आलं नाही. अँटिव्हायरसही तीन वर्षांचा आहे, पण तिथे आपण मुदतीची सेवा घेतो. मुदत संपली की हातात काही उरत नाही.

गोदाकाठ, प्रश्न ‘हे दरपत्रक कुठे टाकू’ असा विचारला की दोन्ही उत्तरं चुकतात, कारण दरपत्रक हे वर्गीकरणाचं एककच नव्हे. त्यातल्या प्रत्येक ओळीला वेगळं विचारा: हे पैसे दिल्यावर संस्थेकडे वर्षापेक्षा जास्त काळ वापरायची, नोंदवहीत क्रमांक देऊन वर्षअखेरीला बोट ठेवून दाखवता येईल अशी वस्तू येते का? येत असेल तर तिची किंमत आणि ती जागेवर चालू होईपर्यंत तिच्यासाठीच झालेला खर्च, दोन्ही भांडवली.

या कसोटीने संगणक, नेटवर्क, यूपीएस भांडवली. वाहतूक आणि जोडणीही भांडवली, कारण त्याशिवाय वस्तू वापरात येत नाही. गळती-रंग, अँटिव्हायरस, देखभाल करार आणि प्रशिक्षण महसुली. बेरीज केलीत तर भांडवली 15,60,000 आणि महसुली 2,10,000.

कृष्णाकाठची_सई
प्रशिक्षण महसुली का? शिक्षकांना वापरता आलं नाही तर यंत्र पडूनच राहणार. मग तेही ‘चालू होईपर्यंतचा खर्च’च नाही का?

रोजकीर्द
सईताई, शंका रास्त आहे आणि बऱ्याच ठिकाणी याच तर्काने प्रशिक्षण भांडवलीत जातं. पण जोडणी झाली की यंत्र चालायला तयार असतं, भांडवली खर्चाची रेघ तिथेच ओढली जाते. त्यापुढचं ज्ञान माणसांकडे जातं. शिक्षक उद्या नोकरी सोडून गेले तर ते सोबत नेणार, संस्थेचा त्यावर ताबा नाही. लेखा मानक 10 मध्येही कर्मचारी प्रशिक्षण मालमत्तेच्या किमतीतून बाहेर ठेवलंय.

हिशेबाची_वही
वाहतूक-जोडणीचे 30,000 तसेच वेगळ्या ओळीत भांडवली दाखवू नका, ते वस्तूंवर वाटावे लागतात. ‘वाहतूक’ नावाची मालमत्ता नसते. तीन वस्तूंच्या 15,30,000 किमतीच्या प्रमाणात वाटले तर संगणकांवर 23,529, नेटवर्कवर 2,353 आणि यूपीएसवर 4,118 येतात. म्हणजे नोंदवहीत एका संगणकाची किंमत साधारण 48,941 लागेल.

हा आकडा महत्त्वाचा का, तर सगळे 17,70,000 भांडवलीत टाकून 25 ने भागले की एक संगणक 70,800 चा दिसतो. एखादा चोरीला गेला आणि विमा दावा करायची वेळ आली की बिलात 48,000, नोंदवहीत 70,800, आणि खुलासा करता करता पुरेवाट होते. निर्लेखन करतानाही तेच. प्रत्यक्ष पडताळणीत 25 संगणक सापडतात, पण त्यांच्या नावावर रंगाचे 85,000 चिकटलेले असतात, ते कुठे दाखवणार? प्रति नग किंमत बाजारभावाशी अजिबात जुळत नसेल तर कोणीतरी आख्खं दरपत्रक एका शीर्षात ओतलंय असं खुशाल समजा.

जीएसटी वेगळा काढू नका. महाविद्यालयाचं शिक्षण करमुक्त, त्यामुळे या कराची वजावट तुम्हाला मिळत नाही. तो किमतीचाच भाग.

मुक्ताई
ग्रंथालयाबद्दल विचारते. आमच्या अंदाजपत्रकात ‘पुस्तके व नियतकालिके’ असं एकच शीर्ष आहे. हीच अडचण तिथेही आहे ना?

रोजकीर्द
तीच. पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो, ते मालमत्तेत. नियतकालिकांची वर्गणी आणि एन-लिस्टसारखं ऑनलाइन सदस्यत्व वर्षापुरतं, ते महसुली. शीर्ष आजच दोन करा. एकत्र शीर्षात वर्षअखेरीला पुस्तकांचा आकडा शोधायला प्रत्येक बिल पुन्हा उघडावं लागतं.

मुक्ताई
आणि हरवलेली पुस्तकं? ती मालमत्तेतून वजा कधी करायची?

शासकीय_लेखणी
केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मध्ये वर्षभरात देवघेव किंवा संदर्भासाठी वापरलेल्या दर 1,000 ग्रंथांमागे 5 ग्रंथांची हानी वाजवी मानलीय, मात्र ती निष्काळजीपणामुळे किंवा लबाडीने झालेली नसावी. 1,000 रुपयांवरचं पुस्तक किंवा दुर्मिळ ग्रंथ असेल तर चौकशी करावीच लागते. खासगी ट्रस्टला हे थेट लागू नाही, पण केंद्राचं अनुदान घेत असाल तर पडताळणीचं वेळापत्रक तरी तिथून घ्या: 20,000 पर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी, 20,000 ते 50,000 असतील तर निदान तीन वर्षांतून एकदा. पुस्तकं भांडवलीत धरली आणि पडताळणीच केली नाही, तर ताळेबंदातला आकडा नुसता फुगत जातो.

बोरीवलीचा_सचिव
आमच्या गृहनिर्माण सोसायटीत लिफ्ट बदलायची आहे. सिंकिंग फंडातून केली तर तो भांडवली खर्च आणि दुरुस्ती निधीतून केली तर महसुली, बरोबर ना? दोन्ही फंडांत पैसे आहेत, म्हणून विचारतो.

हिशेबाची_वही
सचिवसाहेब, धागा ट्रस्टच्या अंदाजपत्रकाचा आहे, पण तुमच्या प्रश्नात एक सार्वत्रिक गफलत आहे म्हणून उत्तर देते. पैसा कुठल्या फंडातून आला यावरून खर्चाचा प्रकार ठरत नाही. आख्खी लिफ्ट बदलली तर नवी मालमत्ता आली आणि जुनी वहीतून काढायची. नुसता दोर किंवा मोटरचं वाइंडिंग बदललं तर दुरुस्ती. हे आधी ठरवा, मग निधी बघा. आदर्श उपविधीत दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड 0.25 टक्के हे किमान दर आहेत. सिंकिंग फंडाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि निबंधकांची पूर्वपरवानगी लागते. वास्तुविशारदाचं मतही घेऊन ठेवा.

बोरीवलीचा_सचिव
धन्यवाद ताई. आमच्या समितीत उलटाच क्रम चालला होता.

शासकीय_लेखणी
फंड आणि खर्चाचा प्रकार वेगळे, याला पुरवणी. सरकारी बाजूने बघितलं तर गोंधळ आणखी वाढतो. वसतिगृह बांधायला सरकारने संस्थेला अनुदान दिलं, तर सरकारच्या हिशेबात ते सहसा महसुली खर्चातच जातं, कारण इमारत सरकारच्या मालकीची होत नाही. शिक्षणाचं प्रधान शीर्ष 2202 महसुली बाजूला आहे, भांडवली बाजूला 4202. अनुदानाच्या आदेशावर 2202 दिसलं म्हणून काही लेखापाल संस्थेतही तो खर्च महसुली टाकतात. तसं करू नका. संस्थेच्या वहीत वसतिगृह मालमत्ताच आहे.

आदेशातली उद्दिष्टाची ओळ मात्र नीट वाचा. केंद्राच्या अनुदानात 31 सर्वसाधारण, 35 भांडवली मालमत्ता निर्मिती आणि 36 वेतन असे वेगवेगळे कप्पे असतात. 35 मधल्या पैशातून रंगकाम किंवा देखभाल करार भरला तर उपयोगिता प्रमाणपत्र अडकतं आणि रक्कम परत करावी लागू शकते. गोदाकाठ, प्रयोगशाळेला अनुदान आहे की पूर्ण स्वनिधी?

गोदाकाठ
पूर्ण स्वनिधी. पण पुढे अनुदानासाठी प्रस्ताव द्यायचा विचार आहे, त्यामुळे हे उपयोगी पडेल.

तुळशीबागकर
मला एक कळत नाही. आयकरात ट्रस्टने उद्दिष्टांवर केलेला भांडवली खर्च आणि महसुली खर्च, दोन्ही उत्पन्नातले 85 टक्के खर्च करण्याच्या अटीच्या हिशेबात धरले जातात. मग एवढी चिरफाड कशासाठी? करात एक रुपयाचा फरक पडणार नाही.

हिशेबाची_वही
पहिलं विधान बरोबर, शेवटचं नाही. संगणकाची किंमत त्या वर्षी उद्दिष्टांवरील खर्च म्हणून धरली की त्याच संगणकाचा घसारा पुढे पुन्हा मागता येत नाही. 1961 च्या कायद्यात कलम 11(6) ते सांगतं, 2015-16 या कर निर्धारण वर्षापासून. नवीन कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, ते तुमच्या सीएंकडून घ्या. मालमत्ता महसुलीच्या राशीत मिसळलेली असेल तर कुठला घसारा वगळायचा हेच कळत नाही. संस्थेच्या उत्पन्न-खर्च पत्रकात घसारा दाखवायचा आणि कराच्या हिशेबात तो बाजूला काढायचा, यासाठी मालमत्तेची यादी स्वच्छ लागते.

दुसरं कारण विश्वस्तांसाठी. महसुली खर्च भांडवलीत ढकलला की वर्षाची तूट कमी दिसते. कागदावर शिल्लक दिसते म्हणून विश्वस्त शुल्क किंवा पगारवाढीचा निर्णय त्या आकड्यावर घेतात. पुढच्या काही वर्षांत रंग, करार आणि अँटिव्हायरस पुन्हा दारात येतात आणि महसुली बाजूला त्यांची तरतूदच नसते.

कृष्णाकाठची_सई
मग महसुलीचे 2,10,000 सगळे पहिल्याच वर्षी पडणार का? अँटिव्हायरस तीन वर्षांचा आहे, देखभाल तर दुसऱ्या वर्षापासून सुरू होते.

रोजकीर्द
छान पकडलंत. इथे दोन कागद वेगळे ठेवावे लागतात. अंदाजपत्रक जमा आणि खर्चाच्या रकमांचं असतं, पैसे त्या वर्षी हातातून जाणार म्हणून पूर्ण 2,10,000 तिथे येतात. उत्पन्न-खर्च पत्रकात मात्र त्या वर्षाचा वाटाच.

जोडणी एप्रिलच्या सुरुवातीला झाली असं धरू. अँटिव्हायरसचे 45,000 पैकी 15,000 पहिल्या वर्षाचे, 30,000 आगाऊ दिलेला खर्च. देखभालीचे 60,000 संपूर्ण आगाऊ, कारण पहिलं वर्ष वॉरंटीत आहे. रंग-गळती 85,000 आणि प्रशिक्षण 20,000 लगेच खर्ची. म्हणजे पहिल्या वर्षी उत्पन्न-खर्च पत्रकात 1,20,000 आणि ताळेबंदात आगाऊ खर्च म्हणून 90,000. जोडणी जुलैत गेली तर अँटिव्हायरसचा पहिल्या वर्षाचा वाटा नऊ महिन्यांचा, 11,250.

आगाऊ खर्च ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसतो, म्हणून काही जण त्याला भांडवली समजतात. ते टाळा. त्याला जडवस्तू नोंदवहीत क्रमांक नाही आणि घसाराही नाही. तो मुदतीप्रमाणे विरतो.

अण्णा_लोहार
यूपीएसच्या बॅटऱ्यांचं काय? तीन-चार वर्षांनी बदलाव्याच लागतात. दरपत्रकात त्या वेगळ्या दाखवल्या तर बरं.

रोजकीर्द
अण्णा, अगदी. पुरवठादाराकडून यूपीएस आणि बॅटऱ्या वेगळ्या ओळीत मागून घ्या. समजा 2,10,000 पैकी 60,000 बॅटऱ्यांचे निघाले. नोंदवहीत त्या वेगळ्या घेतल्या, तर बदलताना नव्या बॅटऱ्या भांडवली आणि जुन्यांची उरलेली किंमत वहीतून बाहेर. एकत्रच ठेवल्या तर बदल ‘देखभाल’ म्हणून महसुली टाकावा असं मला वाटतं.

हिशेबाची_वही
इथे मी असहमत आहे. सुरुवातीला वेगळ्या दाखवल्या नाहीत म्हणून बदलाचं स्वरूप बदलत नाही. सुधारित लेखा मानक 10 मध्ये मोठा भाग बदलला तर नव्या भागाची किंमत मालमत्तेत घ्यायची आणि जुन्या भागाची अंदाजे किंमत काढून टाकायची, जुना वेगळा नोंदवला होता की नव्हता याला महत्त्व नाही. नव्याची किंमत बघून जुन्याचा अंदाज करता येतो.

रोजकीर्द
मानकाचं वाचन तुमचं बरोबर आहे. माझा मुद्दा लहान संस्थेत ते निभावण्याचा आहे. एक लेखापाल असलेल्या महाविद्यालयात जुन्या बॅटऱ्यांची किंमत वहीतून काढायचं राहून जातं आणि दोन पिढ्यांच्या बॅटऱ्या ताळेबंदात एकाच वेळी जिवंत राहतात. त्यापेक्षा महसुली टाकणं सुरक्षित. शिवाय कोणताही व्यावसायिक उपक्रम नसलेल्या धर्मादाय संस्थेला ही मानकं बंधनकारक नाहीत.

हिशेबाची_वही
उपाहारगृह किंवा सभागृह भाड्याने देण्यातून थोडंसं व्यावसायिक उत्पन्न असलं तरी मानकं संपूर्ण संस्थेला लागतात. आणि वहीतून काढायचं राहतं हे वर्गीकरण बदलण्याचं कारण होऊ नये. नोंदवहीत ‘कशाच्या बदल्यात’ असा एक रकाना वाढवा, राहणार नाही.

तुळशीबागकर
जुन्या 20 संगणकांत हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची आहे, प्रत्येकी 3,200. एकूण 64,000. हे दुरुस्तीत जाईल ना? बिलावर ‘रिपेअर अँड अपग्रेड’ लिहिलंय.

रोजकीर्द
बिलावरच्या शब्दावर जाऊ नका. बिघडलेल्या डिस्कच्या जागी तशीच डिस्क बसवली तर देखभाल. चालू असलेल्या 20 यंत्रांचं आयुष्य दोन-तीन वर्षांनी वाढावं म्हणून ठरवून केलेला बदल असेल, तर 64,000 भांडवलीत घेता येतो आणि त्या यंत्रांच्या नोंदीसमोरच चढवायचा. पण यंत्रं पुढच्या वर्षी निकालात निघणार असतील तर वाढलेलं आयुष्य वापरलंच जाणार नाही, मग महसुली. किती वर्षं वापरणार याची विभागप्रमुखांची एक ओळीची टिप बिलाला जोडा. लेखापरीक्षक नेमकं तेच विचारतात.

गोदाकाठ
आता शीर्षांचं. ‘संगणक विभाग’ आणि ‘दुरुस्ती व नूतनीकरण’ यांचं काय करू?

रोजकीर्द
दोन्ही मोडा. पहिलं शीर्ष विभागाचं नाव आहे, खर्चाचा प्रकार सांगत नाही. दुसऱ्यात दुरुस्ती महसुली आणि नूतनीकरण कधी भांडवली कधी महसुली, म्हणून ते सगळ्यांत धोक्याचं. वर्षाच्या मध्यावर दुरुस्तीची तरतूद संपली की नवीन फर्निचर ‘नूतनीकरण’ म्हणून त्यातूनच घेतलं जातं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

महसुली भागात ‘इमारत दुरुस्ती व रंगकाम’, ‘उपकरणे देखभाल व करार’, ‘सॉफ्टवेअर वर्गणी’ आणि ‘कर्मचारी प्रशिक्षण’ घ्या. भांडवली भागात ‘संगणक व जोड उपकरणे’, ‘विद्युत उपकरणे’, ‘फर्निचर’, ‘ग्रंथ’ आणि ‘इमारत – नवीन बांधकाम व भर’. विभाग दाखवायचा तर शेजारी वेगळा रकाना ठेवा, म्हणजे संगणक विभागाचा एकूण खर्चही निघतो. भांडवली शीर्षातून महसुलीत किंवा उलट रक्कम वळवायची तर विश्वस्त मंडळाचा ठराव लागेल, अशी टीप अंदाजपत्रकाच्या तळाशीच टाका.

पुरवठादाराला दरपत्रक पुन्हा मागवा, प्रत्येक ओळीवर कर वेगळा दाखवून. रंगकाम त्यातून काढून स्थानिक कंत्राटदाराकडून वेगळं घ्या. संगणकवाल्याने रंगाऱ्याकडून काम करून घेऊन त्यावर आपला नफा चढवणं संस्थेला परवडत नाही.

अण्णा_लोहार
गळती रंगात मिसळू नका. नुसतं भेगा भरणं दुरुस्ती आहे, पण स्लॅबवर पत्र्याचं नवं छत टाकायचं ठरलं तर ते इमारतीत भर, भांडवली. कंत्राटदाराकडून मोजमाप आधी घ्या, मग शीर्ष ठरवा.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. छत बघून घेतो, सध्या फक्त दोन कोपऱ्यांत ओल आहे. आणखी एक: प्रयोगशाळेसाठी 60 खुर्च्या घ्यायच्या आहेत, एक 2,200 ची. आमचा जुना ठराव सांगतो की 5,000 च्या आतली वस्तू महसुली. म्हणजे 1,32,000 महसुली?

हिशेबाची_वही
मर्यादा एका नगाला लावायची की एका खरेदीला, हे ठरावात लिहिलंय का? 60 खुर्च्या एकत्र घेतल्या, एकत्र वापरल्या जाणार आणि आठ-दहा वर्षं टिकणार. किरकोळ वस्तू एकत्र धरून मालमत्तेत घेण्याची मुभा मानकात आहे. मी भांडवलीत घेईन.

शासकीय_लेखणी
मी ठरावाप्रमाणे महसुली टाकेन, पण जडवस्तू नोंदवहीत संख्येने नोंद ठेवेन. ठराव एका खरेदीसाठी मोडला की मर्यादेला अर्थ उरत नाही. पुढच्या वर्षी 58 खुर्च्या घेणारा काय करेल?

हिशेबाची_वही
मग ठराव बदला. ‘एक नग 5,000 च्या आत, आणि एका आदेशातील एकूण 50,000 च्या आत’ अशी दोन्ही अटींची ओळ घाला.

गोदाकाठ
पुढच्या बैठकीत ही ओळ मांडतो. 50,000 हा आकडा आमच्या आकाराच्या संस्थेला कमी आहे की जास्त, यावर विश्वस्तांचं एकमत होईल असं वाटत नाही. तोवर खुर्च्या वेगळ्या ओळीत ठेवतोय.